मळणीच्या माहितीपटाला हिंदी सबटायटल: चेष्टामस्करीच्या संवादांच्या नोंदी

लातूर जिल्ह्यातल्या एका गावात सोयाबीनच्या मळणीवर आमच्या गटाने छोटा माहितीपट केला. चित्रण दिवाळीच्या आधीचं. आता तो मध्य प्रदेशात आणि उत्तर प्रदेशात दाखवायचा म्हणून हिंदी सबटायटल हवेत, आणि ते काम माझ्याकडे आलं. खर्च, मजुरी, भाव, यंत्राचं भाडं यावरचे संवाद सरळ आहेत, त्यांचा इथं विषय नाही. मळणी यंत्रावरची माणसं एकमेकांना जे बोलतात त्यानेच घाम फोडला, म्हणून तेवढ्याच नोंदी. माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

४ नोव्हेंबर

पहिल्या फेरीत सगळं शब्दाला शब्द करून टाकलं. असा मसुदा हाताशी असला की कुठं काय बिघडतं ते दिसतं. वेळेचं गणित आधीच ठरवून घेतलं: पडद्यावर जास्तीत जास्त दोन ओळी, सेकंदाला साधारण सोळा अक्षरं. हे गणित इथं फार कामाला येतं, कारण मस्करीची वाक्यं दीड-दोन सेकंदांत संपतात. त्यात ‘आमच्याकडे असं प्रेमाने म्हणतात’ हे समजावून सांगायला जागाच नसते. जे काय करायचं ते त्याच पंचवीस-तीस अक्षरांत.

मसुदा वाचल्यावर वाटलं, हे गाव एकमेकांच्या जिवावर उठलंय. आजी नातवाला मरायला सांगतेय, मेहुणा दाजीचा अपमान करतोय, आणि दोन म्हातारे तर पोलीस केस व्हावी असं बोलतायत. पडद्यावर मात्र सगळे हसतायत.

७ नोव्हेंबर

पहिली चाचणी. भोपाळकडून बदलीवर आलेले एक बँक कर्मचारी आणि त्यांच्या पत्नी, शिवाय गोरखपूरकडचा एक रंगारी, एवढ्यांना आवाजासकट दाखवलं. पोहे-चहा आमच्याकडून. त्यांना मत विचारलं नाही. पडद्यावरची माणसं हसतात तिथं हे हसतात का, एवढंच बघितलं. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी असंच करावं, कारण मत विचारलं की लोक ‘अच्छा है’ म्हणतात आणि विषय संपतो.

सगळ्यात जास्त गार पडला तो आजीचा प्रसंग. नातू पुण्याहून येतो, आजी चुलीपुढं बसलेली, आणि वळून न बघताच म्हणते: “मेल्या, कुठं उलथला व्हतास इतके दिस? बैस आन गिळ. गार व्हायलंय.” मसुद्यात होतं: ‘मरे हुए, कहाँ पड़ा था इतने दिन? बैठ और निगल। ठंडा हो रहा है।’ बँक कर्मचाऱ्यांच्या पत्नी, म्हणजे ताई, गंभीर झाल्या. त्यांना वाटलं, नातू घर सोडून पळून गेला होता आणि घरात काहीतरी जुनं भांडण आहे. पुढची पाच मिनिटं त्या भांडणाचं कारण शोधत होत्या.

९ नोव्हेंबर

आजीवरच बसलो. तिच्या त्या बोलण्यात तीन काटे आहेत: मेल्या, उलथणं, गिळणं. आपल्या कानाला तीन काटे म्हणजे तिप्पट माया. जितके दिवस नातू आला नाही तितकं ती वसूल करतेय. पण तेच वाक्य पडद्यावर छापून आलं की आजीचा सूर गळून पडतो आणि प्रत्येक काटा पूर्ण वजनाने टोचतो. ऐकलेल्या शिवीपेक्षा वाचलेली शिवी जड असते. म्हणून एका बोलण्यात एकच काटा ठेवायचा आणि तो त्या भाषेतल्या आज्यांच्या तोंडचा शोधायचा, असं ठरवलं.

‘मेल्या’ला हिंदीत अगदी नेमका जोडीदार आहे: ‘मुए’. अर्थ तोच, मेलेला, आणि बायकांच्याच तोंडचा. तो लावला, तर ताई म्हणाल्या की हे आता टीव्ही मालिकेतल्या म्हाताऱ्या बोलतात. त्यांची स्वतःची बुवा, म्हणजे आत्या, काय म्हणायची ते विचारलं, तर क्षणात उत्तर आलं: “नासपीटे!” आणि त्या हसल्या. त्या हसण्यावरच शब्द पक्का केला.

‘उलथला व्हतास’साठी हिंदीत तयार वाक्य आहे, ‘कहाँ मर गया था’. पण ‘नासपीटे’ आणि ‘मर गया’ असे दोन काटे शेजारी आले की पुन्हा भांडण. म्हणून ‘मर गया’ सोडलं. ‘गिळ’ला ‘ठूँस’ करून बघितलं. तेही सोडलं, कारण ती ‘गिळ’ म्हणते तेव्हा तिचा हात भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत असतो. प्रेम चित्रात दिसतंय, ते अक्षरांनी पुन्हा सांगायची गरज नाही, फक्त अक्षरांनी त्याच्या आड येऊ नये. शेवटी असं झालं:

```
41
00:06:14,200 --> 00:06:16,400
नासपीटे, कहाँ था इतने दिन?

42
00:06:16,480 --> 00:06:18,600
बैठ, खा। ठंडी हो रही है।
```

‘ठंडी’ कारण भाकरी. मसुद्यातलं ‘ठंडा’ कशाला जोडलेलं होतं ते कुणालाच कळलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

दाजी आणि मेहुणा. यंत्रात सोयाबीनचे काड टाकताना दाजी उगीच रेंगाळतो, तेव्हा मेहुणा म्हणतो: “दाजी, तुमच्यापरीस आमची म्हैस बरी. हाक मारली की येती तरी.” दाजी मान वर न करता: “म्हून तर म्हशीच्या घरची केली!” आणि सगळी टोळी हसते, कारण म्हशीच्या घरची म्हणजे मेहुण्याची बहीण, म्हणजे शेवटी तोच तोंडघशी पडला.

मसुद्यात मी ‘जीजा, तुमसे तो हमारी भैंस अच्छी’ असं केलं होतं. रंगारी म्हणाला, “ये तो बेइज्जती कर दिया.” म्हैस तीच, अपमान तोच, मग बिघडलं कुठं? मराठीत मेहुणा ‘तुमच्यापरीस’ म्हणतो. बोलतो म्हशीचं, पण आदराचं अनेकवचन सोडत नाही. तो आदर हीच खूण असते की ही चेष्टा नात्यातली आहे. ज्या दिवशी तो ‘तुझ्यापरीस’ म्हणेल त्या दिवशी खरं भांडण. हिंदीत ‘तुम’ मधल्या पायरीवर बसतं आणि दाजीला नुसतं ‘जीजा’ म्हणून ‘तुम’ केलं की पायरी उतरल्यासारखं होतं. ‘जीजाजी’ आणि ‘आप’ लावल्यावर तेच वाक्य लगेच गोड झालं:

‘जीजाजी, आपसे तो हमारी भैंस भली। आवाज़ दो तो आ तो जाती है।’
‘तभी तो भैंस के घर ब्याह किया!’

याच जोडीत दुसरी अडचण. दाजी मेहुण्याला सारखं “काय पाव्हणं” म्हणतो. हिंदीत ‘मेहमान’ केलं तर परका वाटतो. नात्याने तो ‘साला’, पण ‘क्यों साले’ लिहिलं की हिंदीत ती सरळ शिवी. ‘क्यों साले साहब’ लिहिलं की नातं परत येतं आणि चिमटाही राहतो. एका ‘साहब’ने काम झालं. अक्षरं वाढली खरी, पण ‘पाव्हणं’ म्हटल्यावर दाजी जरा थांबतो, त्यामुळे ती बसली.

म्हशीवरचं उत्तर मी आधी एकाच सबटायटलमध्ये दोन ओळींत टाकलं होतं, मेहुण्याची ओळ वर आणि दाजीची खाली. लोक वाचून आधीच हसायचे आणि दाजी बोलायचा तेव्हा शांतता. मस्करीत टोला आणि परतीचा टोला कधीही एकत्र दाखवू नयेत, वेळ कितीही कमी असली तरी. दोन तुकडे केले आणि दुसरा दाजीचं तोंड उघडल्यावरच येईल असा धरला.

१८ नोव्हेंबर

या कामात एक गोष्ट इंग्रजी सबटायटलवाल्याला सोसावी लागत नाही. हिंदीवाल्याला आपलं अर्धं बोलणं कानाने कळतं. ड्रायव्हर पोराला “गाढवा” म्हणतो. मी सौम्य करायचं म्हणून ‘बुद्धू’ लिहिलं. भोपाळचे साहेब लगेच म्हणाले, “उसने तो गधा बोला.” वाचणाऱ्याला वाटतं आपल्यापासून काहीतरी लपवतायत, आणि मग पुढच्या प्रत्येक ओळीवर संशय. जे कानाला कळतं ते बदलायचं नाही. ‘गधा’च ठेवलं. तसंही हिंदीत गधा माफक शिवी आहे, मास्तरसुद्धा देतात.

याच्या उलटही होतं. एकजण वैतागून म्हणतो, “माझी चेष्टा करायलेत हे.” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. रंगाऱ्याने विचारलं, काय प्रयत्न करतायत? तिथं पडद्यावर ‘मज़ाक उड़ा रहे हैं मेरा’ ठळक आणि थोडं जास्त वेळ ठेवलं, म्हणजे कानाने घेतलेला चुकीचा अर्थ डोळ्याने पुसला जातो.

२१ नोव्हेंबर

“येडं हाय ते.” “लई बेणं हाय हे.” अशी वाक्यं माहितीपटभर सांडली आहेत, बहुतेक यंत्रावरच्या सगळ्यात लहान पोराबद्दल. यातली माया नपुंसकलिंगात आहे. ‘येडा हाय तो’ म्हटलं तर निदान झालं, ‘येडं हाय ते’ म्हटलं तर लाड. हिंदीत नपुंसकलिंगच नाही. ‘पागल है’ लिहिलं की पोरगं मनोरुग्ण ठरतं.

यावर हिंदीकडे स्वतःचा उपाय आहे. ‘पागल’चं ‘पगला’ केलं की धार जाते. ‘पगला है’ हे आपल्या ‘येडं हाय’च्या अगदी जवळ. ‘बेणं’ जरा अवघड. आपल्याला ते उसाच्या बेण्यावरून आल्यासारखं वाटतं, मूळचंच तसलं पीक. ‘बीज’ किंवा ‘नस्ल’ केलं तर बापावर जातं, आणि ते आपल्याला नको. ‘नमूना है ये’ केलं. ‘नमूना’त तोच कौतुक-अधिक-वैताग आहे आणि तो पोरावरच राहतो, घराण्यावर जात नाही.

२६ नोव्हेंबर

दोन म्हातारे. हा माहितीपटाचा सगळ्यात चांगला तुकडा आणि सगळ्यात जास्त दिवस खाल्लेला. पहिला बांधावरून येतो, दुसरा राशीजवळ पोत्यावर बसलेला.

“काय रं रांडच्या, जित्ता हाईस व्हय अजून?”
“तुला पोचवल्याबगर न्हाई जात.”

आणि मग पहिला त्याच्याजवळ टेकून त्याच्याच चंचीतली सुपारी घेतो.

‘रांडच्या’चं शब्दशः हिंदी पडद्यावर लिहिणं शक्यच नाही. मराठीत त्या शब्दाचा जुना अर्थ विधवा, आणि खेड्यात म्हाताऱ्यांच्या तोंडी तो इतका झिजलाय की आईचा कुणी विचारही करत नाही. हिंदीत तो झिजलेला नाही. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की शिवी गाळून टाकू, ‘क्यों भाई, अभी ज़िंदा हो?’ असं करू. करून बघितलं. ते ऐकायला विमा एजंट आल्यासारखं झालं, आणि त्यावर ‘तुला पोचवल्याशिवाय जात नाही’ हे उत्तर भलतंच उद्धट वाटायला लागलं. पहिला टोला काढला की दुसरा टोला हल्ला ठरतो. दोन्ही सारख्या वजनाचे असले तरच बरोबरी राहते.

मग पर्याय. ‘कमीने’ हिंदीत मित्रांत चालतं, पण ते कॉलेजच्या पोरांचं. ‘हरामी’ने जन्मावर बोट जातं, म्हणजे पुन्हा आईवरच. शिवी आईवरून काढून त्या माणसावर आणायची आणि तरी ती शिवीच वाटली पाहिजे, असा तिढा होता. तो रंगाऱ्याने बोलता बोलता सोडवला. त्याच्या गावाकडे म्हाताऱ्याला ‘बुढ़ऊ’ म्हणतात, आणि समोरासमोर म्हटलं तर आगाऊपणा, पण बरोबरीच्याने म्हटलं तर दोस्ती. इथं दोघंही म्हातारे, म्हणजे म्हणणाराही बुढ़ऊच. चेष्टा आपोआप दोघांवर पडते. पुढं ‘बे’ जोडला, म्हणजे खडबडीतपणा राहिला:

‘क्यों बे बुढ़ऊ, अब तक ज़िंदा है?’

उत्तरातला ‘पोचवणे’ हिंदीत ‘पहुँचाना’ केला तर बसस्टँडवर सोडायला निघाल्यासारखं होतं. ‘तुझे फूँककर ही जाऊँगा’ हे अर्थाने चोख, पण त्यात चितेचा धूर आहे. ‘तुझे कंधा दिए बिना नहीं जाऊँगा’ यात खांदा देणं आहे, म्हणजे जो शेवटपर्यंत राहणारा तोच देतो. मूळ मराठीपेक्षाही हे जरा जास्त हळवं झालं की काय अशी शंका येते. पण सुपारी घेणारा हात समोर दिसत असल्याने चालतंय. दुसऱ्या चाचणीत तिघंही इथं हसले, आणि ताई ‘बुढ़ऊ’ला नव्हे तर उत्तराला हसल्या.

२९ नोव्हेंबर

या तुकड्यात शब्द नव्हे, रिवाजच आडवा आला. नातवाला टोळी चिडवते: “मामाकडं सारखा जायलाय गडी. मामाची पोरगी पक्की दिसती!” तो लाजतो, मामा शेजारीच उभा, तोही मिशीत हसतो.

भोपाळच्या दांपत्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते विसरणार नाही. उत्तरेकडे मामाची मुलगी म्हणजे सख्ख्यासारखी बहीण, तिच्यावरून चिडवणं ही मस्करी नाही, घाण शिवी आहे. आपल्याकडे आणि खाली दक्षिणेत मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क मानायची रीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही अशी नाती एरवी मनाई असलेल्यांत येतात, पण जिथं रूढी आहे तिथं मुभा आहे. आपण हे इतकं गृहीत धरतो की यात काही सांगण्यासारखं आहे हेच डोक्यात येत नाही.

ओळ बदलून ‘उस गाँव के बड़े चक्कर लगते हैं, रिश्ता पक्का समझें?’ केलं. पण ‘मामा’ हा शब्द कानाला स्वच्छ ऐकू येतो आणि मामा चौकटीत उभा आहे. पुन्हा तोच लपवाछपवीचा संशय. तळटीप टाकायला जागा नाही, आणि चिडवाचिडवीत तळटीप टाकली की ती चिडवाचिडवी राहत नाही.

उपाय आजीकडे सापडला. याच्या चार मिनिटं आधी आजी भाकरी थापता थापता म्हणते, “मामाची पोरगी हक्काची असती.” मसुद्यात हे मी ‘मामा की बेटी पर हक़ होता है’ असं करून टाकलं होतं, त्यातून कुणाला काहीच कळलं नव्हतं. आजी त्यानंतर बराच वेळ गप्प आहे, तव्यावर भाकरी फुगते तेवढीच. म्हणजे वेळ होता. तिथं लिहिलं: ‘हमारे यहाँ मामा की बेटी से ब्याह होता है, हक़ का रिश्ता।’ एवढं आधी गेल्यावर मूळ चिडवणं जसंच्या तसं ठेवता आलं: ‘मामा के यहाँ बड़े चक्कर हैं। मामा की बेटी पक्की समझें?’ साहेब म्हणाले, “अच्छा, आपके यहाँ चलता है!” आणि मग नातवाकडे बघून हसले. थोडं उशिरा हसले, पण चालेल.

३ डिसेंबर

तांत्रिक. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघितलं तर जोडाक्षरं फुटली, ‘क्यों’ची तर पार दशा. फाइल यूटीएफ-८ मध्येच होती, पण त्या टीव्हीला देवनागरी जोडता येत नव्हती. स्थानिक दाखवण्यासाठी अक्षरं चित्रात कायमची छापून वेगळी प्रत काढली. हिंदी व्याकरण तपासायला एका निवृत्त शिक्षकांना दोन हजार रुपये दिले. त्यांनी ‘बुढ़ऊ’ खोडून ‘वृद्ध’ केलं होतं, ते परत फिरवलं. बाकी त्यांच्या दुरुस्त्या चांगल्या होत्या.

८ डिसेंबर

गावात दाखवलं. खाली हिंदीत काय लिहिलंय ते वाचायला कुणाला पडलेलं नव्हतं, पण एका पोराने पोत्यावरच्या म्हाताऱ्याला त्याला उद्देशून म्हटलेली ओळ वाचून अर्थ सांगितला. म्हातारा जाम भडकला. “मला म्हातारा म्हणाला व्हय? त्यापरीस हाय ती शिवी काय वाईट व्हती?” पहिल्या म्हाताऱ्याने त्याला परत तीच शिवी दिली तेव्हा शांत झाला. ओळ बदललेली नाही, ती भोपाळसाठी आहे.

१० डिसेंबर

एक ओळ राहिली आहे. एकोणिसाव्या मिनिटाला पट्टा तुटतो आणि ड्रायव्हर मदतनीसाला “भाड्या” म्हणतो. मदतनीस हसतो. पण हिंदी कानाला तो शब्द ‘भड़वा’ ऐकू येतो, आणि तिकडे तो फार जड. सौम्य लिहिलं तर लपवल्यासारखं, तसंच लिहिलं तर मारामारी. दिग्दर्शकाशी बोलून ठरलं: त्या ओळीला सबटायटल नाही. यंत्राचा आवाज तिथं तसाही मोठा आहे, तो ध्वनिमिश्रणात आणखी थोडा चढवायचा. फाइल आज दिली.